रिपोर्टवरचा हिरवा ठिपका नेमकं काय सांगतो?

प्रश्न: मी पुण्यातल्या एका आयटी कंपनीत पीएमओमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या प्रगतीवर लक्ष ठेवणाऱ्या विभागात, काम करते. एका सहकारी बँकेच्या नव्या कोअर बँकिंग सिस्टीमचा, प्रोजेक्टचे निर्णय घेणाऱ्या स्टीअरिंग कमिटीसाठीचा महिन्याचा स्टेटस रिपोर्ट माझ्याकडे आहे. टीमशी बोललं की डेटा मायग्रेशन अडकलंय हे कळतं, पण रिपोर्टवर ते पाच महिने हिरवंच आहे. मॅनेजर म्हणतात, 'लाल नेलं तर बँक घाबरेल, आपण सोडवू.' रंग खरे ठेवायचे आणि तरी गोंधळ माजू द्यायचा नाही, हे कसं जमवायचं?

तुमच्या मॅनेजरांना मुद्दाम काही लपवायचं आहे असं मी धरून चालत नाही. 'आपण सोडवू' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा मनापासून म्हणत असतो. गोची अशी होते की त्यांच्या लेखी हिरवा म्हणजे 'माझा टीमवर विश्वास आहे', आणि कमिटीतले लोक तोच हिरवा वाचतात 'ठरलेल्या तारखेला बँक नव्या सिस्टीमवर सुरू होईल' असा. एका ठिपक्याचे हे दोन अर्थ जोवर शिल्लक आहेत, तोवर रिपोर्ट कितीही सरळ माणसाने बनवला तरी तो दिशाभूल करणार.

रेल्वेचा सिग्नल डोळ्यासमोर आणा. लोकलच्या मोटरमनला एकच पिवळा दिसला तर त्याचा अर्थ ठरलेला आहे: पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने चला. आणि ऑटोमॅटिक सिग्नल पिवळा व्हायचा की हिरवा, हे मोटरमनच्या आत्मविश्वासावर ठरत नाही. पुढच्या रुळांवर गाडी आहे की नाही हे ट्रॅक सर्किट ओळखतं आणि रंग त्यावरून पडतो. यातल्या दोन्ही गोष्टी आपल्या रिपोर्टला हव्या आहेत. रंग रिपोर्ट लिहिणाऱ्याच्या मनःस्थितीवर नव्हे, बाहेरच्या मोजमापावर ठरला पाहिजे. आणि रंग पाहिला की समोरच्याने काय करायचं हे त्याला आधीच माहीत असलं पाहिजे.

म्हणून मी प्रत्येक प्रोजेक्टच्या पहिल्याच कमिटी बैठकीत, जेव्हा काहीच बिघडलेलं नसतं तेव्हा, अर्ध्या पानाची व्याख्या मंजूर करून घेतो. हिरवा म्हणजे आजच्या अंदाजाने आपण मंजूर तारीख, खर्च आणि व्याप्ती यांच्या मर्यादेत आहोत आणि कमिटीकडून काही नको. पिवळा म्हणजे आजच्या गतीने मर्यादा ओलांडली जाणार आहे, पण उपाय टीमच्या हातात आहे, तो कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत हे लिहिलेलं आहे. लाल म्हणजे मर्यादा ओलांडली जाणार आहे आणि कमिटीने काही ठरवल्याशिवाय ती परत आत येणार नाही.

यात 'प्रगती चांगली', 'किरकोळ अडचणी', 'गंभीर समस्या' असले शब्द नाहीत हे लक्षात घ्या. तसे शब्द ठेवले की वाद सुरू होतो: ही अडचण किरकोळ की गंभीर? माझ्या व्याख्येत वाद एवढाच उरतो की अंदाज बरोबर आहे का, आणि तो आकडे मांडून मिटवता येतो. शिवाय लाल म्हणजे 'आम्ही नापास झालो' असं न राहता 'आम्हाला तुमचा निर्णय हवा आहे' असं होतं. प्रोजेक्ट चालवायच्या प्रिन्स टू पद्धतीतही हेच तत्त्व आहे. ठरलेली मर्यादा ओलांडली जाईल असा अंदाज आला, की प्रत्यक्ष ओलांडली जाण्याची वाट न पाहता प्रोजेक्ट मॅनेजरने ती बाब पर्यायांसह प्रोजेक्ट बोर्डापुढे न्यायची असते.

मर्यादा किती ठेवायची? बरेच जण 'दोन आठवडे' लिहून मोकळे होतात. बँकेच्या कामात ते चालत नाही. २०१५च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा आहे, आणि शाखांचं कटओव्हर, म्हणजे जुन्या सिस्टीमवरून नव्या सिस्टीमवर जाणं, बहुधा त्याच जोडसुटीत बसवावं लागतं, कारण सलग दोन दिवस काउंटर बंद मिळतात. त्यात तिमाहीअखेर नको, मार्च तर नकोच, दिवाळीच्या आसपास गर्दी. म्हणजे डिसेंबरचा दुसरा शनिवार हुकला तर पुढची तारीख एका आठवड्याने येत नाही. डिसेंबरचा चौथा शनिवार तिमाहीअखेरीला चिकटतो, म्हणून थेट जानेवारीचा दुसरा शनिवार. चार दिवसांचा उशीर चार-पाच आठवड्यांचा होतो. तारीख सरकत नाही, उडी मारते. अशा ठिकाणी मर्यादा दिवसांत न मोजता 'ही जोडसुटी गाठतोय की नाही' अशीच मोजायला हवी, आणि हे कमिटीला पहिल्या बैठकीतच कॅलेंडर समोर ठेवून दाखवायला हवं.

आता मी स्वतः पाहिलेलं प्रकरण सांगतो, तुमच्याच कामाच्या जवळचं आहे. बँकेचं नाव देत नाही, आकडे गोल केले आहेत. पश्चिम महाराष्ट्रातली सहकारी बँक, ६४ शाखा, सुमारे ४ लाख २० हजार खाती. जुन्या सिस्टीममधून नव्या कोअर बँकिंगमध्ये डेटा न्यायचा होता. आधी तीन मॉक मायग्रेशन, म्हणजे डेटा चाचणीपुरता नेऊन बघायचा, मग शाखांसकट रंगीत तालीम, मग डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी गो-लाइव्ह. मी मध्येच, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्या कामावर गेलो. रिपोर्टवर डेटा मायग्रेशनच्या ओळीत लिहिलेलं होतं: '८५ टक्के पूर्ण, मॉक-२ यशस्वी, उरलेल्या तफावतींवर काम चालू.' शेजारी हिरवा ठिपका.

एकही शब्द खोटा नव्हता. ८५ टक्के म्हणजे लिहून झालेल्या स्क्रिप्ट. 'यशस्वी' म्हणजे मॉक कुठेही न अडकता शेवटपर्यंत चालला. पण बँकेला स्क्रिप्टशी काय करायचंय? खातेदाराची शिल्लक आणि व्याज जुळतं का, हा बँकेचा प्रश्न. मी टीमला एवढंच विचारलं: दोन्ही मॉकमध्ये किती खाती जुळली नाहीत? मॉक-१ मध्ये ३८ हजार, चार आठवड्यांनी मॉक-२ मध्ये २१ हजार. ट्रायल बॅलन्स एकूण जुळत होता, म्हणून कुणाला घाम फुटला नव्हता. पण एकूण बेरीज जुळणं आणि प्रत्येक खातं जुळणं यात फरक आहे. एका खात्यात जास्त, दुसऱ्यात तेवढंच कमी असलं तरी बेरीज जुळतेच.

मग साधा हिशेब केला. चार आठवड्यांत १७ हजार खाती सुटली, म्हणजे आठवड्याला सव्वाचार हजार. उरली २१ हजार. याच गतीने पाच आठवडे लागणार. मॉक-३ मात्र तीन आठवड्यांवर, आणि त्यात मंजूर मर्यादा ५०० खात्यांची. तीन आठवड्यांत पावणेतेरा हजार सुटतील, सव्वाआठ हजार उरतील. आणि हा हिशेब आशावादी आहे, कारण कुठलीही टीम आधी सोपी खाती सोडवते. एका चुकीच्या कोडमुळे बिघडलेली दहा हजार खाती एका दुरुस्तीत सुटतात. मागे उरतात ती एकेक करून बघायची. म्हणून गती पुढे कमीच होते. हा हिशेब करायला वहीचं अर्धं पान लागलं, पण तोवर तो कुणी केला नव्हता, कारण रिपोर्टच्या साच्यात 'टक्के पूर्ण' असा रकाना होता आणि 'किती उरलं, कोणत्या गतीने संपतंय' असा रकाना नव्हता.

'टक्के पूर्ण' या रकान्यावर माझा भरवसा नाही, हे मी सगळीकडे सांगतो. ते झालेल्या श्रमाचं माप आहे, उरलेल्या कामाचं नाही. टेस्टिंगमध्ये तर हे फार फसवं होतं. ४०० टेस्ट केसपैकी ३०० चालवल्या, २८५ पास, म्हणून रिपोर्टवर '९५ टक्के पास'. उरलेल्या १०० चालवताच आल्या नाहीत कारण एटीएम स्विचची जोडणी अजून मिळालेली नाही, ही गोष्ट छेदातून गुपचूप गळून जाते. ४००च्या हिशेबाने ते ७१ टक्के आहे, आणि अडकलेल्या १०० मध्येच सगळ्यात जोखमीच्या केस आहेत. तेव्हा रिपोर्टवर कुठलाही टक्का दिसला की विचारा: छेदात काय धरलंय?

परत बँकेकडे येतो. नुसतं '२१ हजार तफावती, लाल' असं कमिटीपुढे नेलं असतं तर तुमचे मॅनेजर म्हणतात तसंच झालं असतं: घबराट, आरोप, बैठक संपली. लाल नेण्याआधी आम्ही दोन दिवस त्या २१ हजारांची फोड केली. १२ हजार खाती रिकरिंग आणि मुदत ठेवींची, जिथे जुनी सिस्टीम उशिरा भरलेल्या हप्त्याचं व्याज वेगळ्या पद्धतीने धरत होती. हे सोडवणं आमच्या टीमचं काम. साडेसहा हजार खाती दुबार ग्राहक आणि अपुऱ्या केवायसीची. ही शाखेत बसून, कागद बघूनच सुटतात: शाखेमागे शंभरएक, एका क्लार्कने रोज दहा पाहिली तर दहा कामाचे दिवस. उरलेली अडीच हजार जुनी कर्जखाती, ज्यांत वर्षानुवर्षं हाताने समायोजनं केलेली होती आणि त्यामागची कारणं मुख्य कार्यालयातल्या एकाच अधिकाऱ्याला ठाऊक होती. ते गृहस्थ वसुलीच्या कामात पूर्ण अडकलेले.

फोड झाल्यावर चित्र पालटलं. १२ हजारांच्या गठ्ठ्याला आम्ही पिवळं म्हणू शकत होतो, कारण उपाय आमच्या हातात होता. बाकीच्या दोन गठ्ठ्यांवर आम्ही कितीही रात्री जागलो असतो तरी उपयोग नव्हता. शाखांना आदेश देणं आणि त्या अधिकाऱ्याला मोकळं करणं हे बँकेच्या सीईओंच्याच हातात होतं. म्हणजे व्याख्येप्रमाणे ओळ लाल. तुमचे मॅनेजर 'आपण सोडवू' म्हणतात तेव्हा त्यांना हाच प्रश्न शांतपणे विचारा: यातलं किती आपल्याला खरंच सोडवता येतं, आणि किती बँकेच्या माणसांशिवाय सुटतच नाही? माझ्या अनुभवात बरेचदा दुसराच भाग मोठा निघतो, आणि तो लपवला की मदत करू शकणाऱ्यालाच आपण अंधारात ठेवतो.

कमिटीच्या पानावर त्या महिन्यात असं लिहिलं:

> डेटा मायग्रेशन: लाल (मागील महिना: हिरवा)
> मंजूर माप: मॉक-३ मध्ये न जुळणारी खाती ५०० पेक्षा कमी. मॉक-२ मध्ये २१,०००. आजच्या गतीने मॉक-३ च्या दिवशी सुमारे ८,००० उरतील.
> परिणाम: मॉक-३ नापास झाला तर डिसेंबरची जोडसुटी जाते, पुढची तारीख जानेवारीचा दुसरा शनिवार.
> कमिटीकडून हवं: १) प्रत्येक शाखेत एक क्लार्क, रोज दोन तास, तीन आठवडे. २) कर्ज विभागातील संबंधित अधिकारी पूर्णवेळ, तीन आठवडे. ३) मॉक-३ नंतरच्या सोमवारी डिसेंबर की जानेवारी हा निर्णय.
> काहीच केलं नाही तर: जानेवारी धरून चालावं.

'मागील महिना: हिरवा' हे शब्द मी हट्टाने ठेवतो. एकदम हिरव्याचं लाल होणं हा रिपोर्टचाच दोष असतो, आणि त्याची कबुली त्याच पानावर असावी. कमिटीला तोंडी कारणही सांगितलं: आम्ही चुकीचं माप लावत होतो, आता हे लावतोय. शेवटची ओळ, 'काहीच केलं नाही तर', ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिच्यामुळे निर्णय न घेणं हाही एक निर्णय आहे आणि त्याची किंमत किती, हे सगळ्यांना दिसतं.

हे पान बैठकीत पहिल्यांदा उघडलं नाही. दोन दिवस आधी मी आणि आमचे डिलिव्हरी हेड सीईओंच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. ईमेल नाही, फोन नाही. साहेबांनी पाच मिनिटं चांगलीच झाडाझडती घेतली, ती रास्तच होती. मग त्यांनी विचारलं, 'क्लार्क दिले तर नक्की होईल का?' आम्ही सांगितलं की नक्की नाही, पण दिले नाहीत तर नक्की होणार नाही. बैठकीत एका संचालकांनी 'जबाबदार कोण' असं विचारायला सुरुवात केली तेव्हा सीईओंनीच विषय मागण्यांवर आणला, कारण त्यांना धक्का बसायचा तो केबिनमध्ये बसून झाला होता. प्रोजेक्टच्या प्रायोजकाला, इथे सीईओंना, चारचौघांत पहिल्यांदा लाल दाखवणं हा खरेपणा नव्हे. त्याला स्वतःला सावरायला वेळ दिला तरच तो तुमच्या बाजूने उभा राहू शकतो. मात्र आधी भेटायचं ते सांगायला, रंग बदलून घ्यायला नव्हे. केबिनमधून बाहेर पडताना पानावरचा रंग तोच राहिला पाहिजे.

पुढे काय झालं तेही सांगतो. शाखांचं काम दिवाळीमुळे रखडून तीन आठवडे लागले. कर्जखाती त्या अधिकाऱ्याने जवळजवळ सगळी सोडवली. आमचा स्वतःचा १२ हजारांचा गठ्ठा मात्र आम्हाला वाटला त्यापेक्षा चिवट निघाला. मॉक-३ मध्ये ३,१०० खाती जुळली नाहीत. ठरल्याप्रमाणे सोमवारी कमिटीने वीस मिनिटांत जानेवारी ठरवला. लाल रंगाने तारीख वाचली नाही. पण तोपर्यंत ग्राहकांना एसएमएस गेले नव्हते, शाखांमधल्या नोटिसा छापल्या नव्हत्या, आणि जुन्या सिस्टीमचा देखभाल करार एका तिमाहीने वाढवायला पुरेसा वेळ हातात होता. हीच बातमी गो-लाइव्हच्या चार दिवस आधी फुटली असती तर त्या कराराला व्हेंडर मागेल ती किंमत द्यावी लागली असती.

तुमच्या मॅनेजरांवरचा दबाव कुठून येतो तेही समजून घ्या. आपल्याकडच्या सेवा कंपन्यांत ग्राहकाकडे लाल गेला की आतल्या डिलिव्हरी रिव्ह्यूमध्ये प्रश्नांची सरबत्ती सुरू होते, आणि बरेचदा बिलाचा हप्ता त्याच माइलस्टोनला बांधलेला असतो. त्यातून दोन रिपोर्ट जन्माला येतात, आतला आणि बाहेरचा. आतल्यात पिवळा, बाहेरच्यात हिरवा. हे दोन रिपोर्ट मी कुठेही खपवून घेत नाही. एकाच मापावर दोन रंग असले की टीममधली मुलं पंधरा दिवसांत शिकतात की रंग हा वाटाघाटीचा विषय आहे, आणि मग तुम्हालाही आतला खरा रंग मिळेनासा होतो. तुम्ही पीएमओमध्ये आहात, म्हणजे रंग बदलून लावायचा अधिकार तुम्हाला कदाचित नसेल. पण माप आणि त्याचा कल छापण्याचा आहे. ठिपका मॅनेजरांनी ठरवू दे, शेजारी '३८,००० → २१,००० → मर्यादा ५००, उरलेले आठवडे ३' हे आकडे येऊ दे. त्या आकड्यांशेजारी हिरवा ठिपका ठेवणं त्यांनाच अवघड जाईल. मतभेद उरलाच तर 'टीमचं मूल्यांकन: लाल, प्रोजेक्ट मॅनेजरचं: पिवळा, कारण अमुक' असं दोन्ही लिहिता येतं. मी हे केलंय, आणि कमिटीने त्या ओळीवर सगळ्यात जास्त वेळ दिला.

कमिटी कशी वागते यावर मात्र बरंच अवलंबून असतं. ॲलन मुलाली २००६ मध्ये बोइंग सोडून फोर्डचे प्रमुख झाले तेव्हा कंपनी त्या वर्षी १२ अब्ज डॉलरहून जास्त तोट्याकडे चालली होती, आणि दर गुरुवारच्या आढावा बैठकीत वरिष्ठांचे तक्ते मात्र हिरवेगार येत होते. मग त्या वरिष्ठांपैकीच मार्क फील्ड्स यांनी फोर्ड एज या गाडीच्या लाँचसमोर लाल लावला, कारण कॅनडातल्या ओकव्हिल कारखान्यात एका बिघाडामुळे गाड्या बाहेर पाठवणं रोखून धरावं लागलं होतं. खोलीत शांतता पसरली. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, यांना कोण मदत करू शकतं? पुढच्या आठवड्यांत इतरांच्या तक्त्यांवरही रंग उमटू लागले. इथे टाळ्यांपेक्षा तो मदतीचा प्रश्न मोठा आहे. तुमच्या कमिटीच्या अध्यक्षांनी लाल पाहून पहिला प्रश्न 'कोणामुळे' असा विचारला, तर पुढच्या महिन्यात सगळं हिरवं येईल. 'काय हवंय' असा विचारला, तर खरं येईल. मी अध्यक्षांना आधीच्या भेटीत हे स्पष्ट शब्दांत सांगतो, आणि आजवर कुणाला त्याचा राग आलेला नाही.

दोन गोष्टींवर डोळा ठेवा. पहिली, मुक्काम ठोकून बसलेला पिवळा. सलग तीन महिने तोच पिवळा आणि 'पुढील पावले' मध्ये तेच वाक्य असेल, तर तो बहुतेक लाल आहे आणि कुणाला म्हणवत नाहीये. माझ्या रिपोर्टात पिवळ्याला मुदत असते: हिरवा कोणत्या तारखेला होणार ते लिहायचं, आणि ती तारीख दोनदा चुकली की चर्चा न करता लाल. दुसरी, रंग तसाच आणि तारीख गुपचूप सरकलेली. नवी तारीख मंजूर झाली म्हणून ओळ हिरवी होणं ठीक आहे, पण मूळ तारीख पानावरून पुसायची नाही. 'मूळ डिसेंबर, मंजूर जानेवारी, अंदाज जानेवारी' अशा तीन तारखा शेजारी शेजारी राहू द्या. नाहीतर तीनदा पुढे ढकललेला प्रोजेक्टही कायम हिरवा दिसतो.

पहिल्या पानावरचा एकूण रंगही जपून लावा. सात ओळी हिरव्या, एक लाल, म्हणून एकूण पिवळा, अशी सरासरी काढू नका. गो-लाइव्हच्या मार्गावर असलेली एकही ओळ लाल असेल तर एकूण लाल, कारण डेटा गेला नाही तर बाकीच्या सात ओळी हिरव्या असून बँक सुरू होत नाही. याउलट प्रशिक्षण पुस्तिकेची छपाई लाल असेल आणि पीडीएफवर भागत असेल, तर एकूण रंगाला हात लावायची गरज नाही. उगाच सगळं लाल करून ठेवणारे टीम लीडही असतात, उद्या कुणी विचारलं तर 'मी सांगितलं होतं' म्हणता यावं म्हणून. त्यांनाही तोच प्रश्न: कमिटीने नेमकं काय ठरवावं असं तुम्हाला वाटतं? उत्तर नसेल तर तो लाल नाही.

तुमच्या पुढच्या रिपोर्टपुरतं सांगायचं तर मॅनेजरांशी रंगावर वाद घालू नका. आधी डेटा टीमकडून शेवटच्या दोन मॉकमध्ये न जुळलेल्या खात्यांचे आकडे आणि त्यांची कारणांनुसार फोड लेखी घ्या. गतीचा हिशेब करा, तो मॅनेजरांसमोर ठेवा आणि कुठले गठ्ठे बँकेच्या माणसांशिवाय सुटत नाहीत तेवढ्यावर खूण करा. मग 'हे बँकेकडून मागायचं का?' एवढंच विचारा. ते 'हो' म्हणाले तर ओळ लाल झालीच, शब्द न उच्चारता. 'नाही' म्हणाले तर किती आठवडे आपणच प्रयत्न करणार आणि कोणत्या तारखेला बँकेला सांगणार ते त्यांच्याकडून ठरवून घ्या, आणि ती तारीख पिवळ्या ठिपक्याशेजारी छापा.